माला-एनसारख्या गोळ्या आणि रक्ताची गुठळी: कोणी घेऊ नयेत आणि का?

सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात माला-एन नावाची गर्भनिरोधक गोळी मोफत मिळते. धाराशिव जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ती उपकेंद्रातून किंवा आशाताईंकडून घरापर्यंत पोहोचते. मेडिकलमध्ये माला-डी किंवा इतर ब्रँडच्या तशाच गोळ्या मिळतात. बहुतेक बायकांना त्यांचा काही त्रास होत नाही. पण काही बायकांनी या गोळ्या अजिबात घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. कारण आहे रक्ताची गुठळी.

या बायका कोण, हे ओळखायला महागड्या तपासण्या लागत नाहीत. बीपीचं मशीन आणि चार-पाच नेमके प्रश्न पुरतात. अडचण एवढीच, की हे प्रश्न अनेकदा विचारले जात नाहीत, किंवा अर्धेच विचारले जातात.

गोळीत नेमकं काय असतं?

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत दोन हार्मोन असतात. एक लेव्होनॉरजेस्ट्रेल, ०.१५ मिलिग्रॅम. दुसरं एथिनिल इस्ट्राडायोल, म्हणजे कारखान्यात तयार केलेलं इस्ट्रोजेन, ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या असतात, त्यात हार्मोन नसतं.

गुठळीचा प्रश्न येतो तो यातल्या इस्ट्रोजेनमुळे. गोळी पोटात गेल्यावर हे इस्ट्रोजेन यकृतात पोहोचतं. रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं यकृतातच बनतात. इस्ट्रोजेनमुळे फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी प्रथिनं वाढतात आणि गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस ही प्रथिनं कमी होतात. म्हणजे रक्त गोठण्याचा काटा थोडा एका बाजूला झुकतो. तब्येत ठणठणीत असलेल्या तरुण बाईला हा झुकाव जाणवतही नाही. पण काटा आधीच झुकलेला असेल, तर एवढंही जास्त होतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९६१ मध्ये. इंग्लंडमधल्या सफकचे डॉक्टर डब्ल्यू. एम. जॉर्डन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं, की ही नवी गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळी अडकली. त्या काळच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आजच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असायचं. पुढे अभ्यास झाले आणि १९६९ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं. माला-एनमधलं इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे. धोका त्यामुळे घटला, पण संपला नाही.

धोका किती मोठा आहे?

युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये याचा आढावा घेतला. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १० हजार बायकांमध्ये वर्षभरात साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी, म्हणजे माला-एनच्या प्रकारातली, घेणाऱ्या १० हजार जणींत हा आकडा ५ ते ७ होतो. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पायरेनोन असलेल्या गोळ्यांत तो ९ ते १२ पर्यंत जातो. पीसीओएस, मुरुमं यासाठी लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या याच गटातल्या असतात. 'ही गोळी गर्भनिरोधक नाही, चेहऱ्यासाठी आहे' असं वाटत असलं तरी आत इस्ट्रोजेन असेल, तर नियम तेच लागू होतात.

गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो. म्हणून हा लेख वाचून घाबरून गोळी मध्येच टाकून देणं आणि दुसरा उपाय न करणं हे शहाणपणाचं नाही. आधी दुसरा उपाय ठरवावा, मग गोळी बंद करावी. अपवाद फक्त तीव्र लक्षणांचा. त्याबद्दल पुढे वाचा.

गुठळी दोन ठिकाणी होते, आणि फरक महत्त्वाचा आहे

वर दिलेले आकडे शिरांमधल्या गुठळीचे आहेत. शिरांमधून रक्त हृदयाकडे परत जातं. तिथली गुठळी बहुतेकदा पोटरीत किंवा मांडीत तयार होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतू शकतं. क्वचित ती मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्येही होते.

दुसरा प्रकार धमन्यांमधला. धमन्या हृदयाकडून रक्त पुढे नेतात. हृदयाच्या धमनीत गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो आणि मेंदूच्या धमनीत झाली तर लकवा, म्हणजे स्ट्रोक. तरुण बायकांमध्ये हे फारच कमी घडतं. पण तंबाखूचा धूर, वाढलेलं बीपी आणि एका विशिष्ट प्रकारची अर्धशिशी या तिन्ही गोष्टींचा वार मुख्यतः धमन्यांवरच होतो. त्यात इस्ट्रोजेनची भर पडली की धोके नुसते बेरजेने वाढत नाहीत, एकमेकांना बळ देतात.

बिडी-सिगारेट: ३५ वर्षांची रेषा

जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक गर्भनिरोधकासाठी चार वर्ग वापरते. वर्ग १ म्हणजे बिनधास्त वापरा. वर्ग २ म्हणजे सहसा वापरता येतं. वर्ग ३ म्हणजे फायद्यापेक्षा धोका जास्त, दुसरा उपाय उपलब्ध असेल तर नको. वर्ग ४ म्हणजे वापरूच नये.

धूम्रपान करणारी बाई ३५ च्या आतली असेल तर इस्ट्रोजेनची गोळी वर्ग २ मध्ये येते. ३५ पूर्ण झाल्यावर दिवसाला १५ पेक्षा कमी सिगारेटी ओढत असेल तर वर्ग ३, आणि १५ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट वर्ग ४. ही रेषा ३५ वर आहे, कारण हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा मूळ धोकाच वयाबरोबर वाढतो. बिडीसाठी वेगळा आकडा दिलेला नाही. बिडी लहान असली तरी तिचाही धूर फुप्फुसातच जातो, त्यामुळे ती सिगारेटसारखीच मोजणं सुरक्षित.

मराठवाड्यात प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे बिडी ओढणाऱ्या बायका कमी, मिश्री लावणाऱ्या जास्त. 'तुम्ही सिगारेट ओढता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं आणि तंबाखूचा विषय तिथेच संपतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि नाडी आणि बीपी काही वेळ वाढवतं. वर दिलेले वर्ग धूम्रपानासाठी आहेत, त्यामुळे केवळ मिश्री लावते म्हणून गोळी नाकारली जात नाही. पण मिश्री लावणारीचं बीपी न मोजता तिला गोळी देणं चुकीचं आहे, आणि मिश्रीबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं.

'ऑरा' असलेली अर्धशिशी: सगळ्यात जास्त सुटणारा प्रश्न

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. तिचे दोन प्रकार आहेत, ऑरा असलेली आणि ऑरा नसलेली. ऑरा म्हणजे डोकं दुखायला लागण्याआधी दिसणारा एक ठरावीक इशारा. नजरेच्या एका भागात चमचम सुरू होते, वाकड्यातिकड्या चकाकत्या रेघा दिसतात, किंवा एखादा तुकडा दिसेनासा होतो. हे हळूहळू पाचेक मिनिटांत पसरतं, साधारण ५ मिनिटं ते तासभर टिकतं आणि मग पूर्ण निवळतं. काहींना हाताच्या बोटांपासून चेहऱ्यापर्यंत सरकत जाणाऱ्या मुंग्या येतात किंवा काही वेळ शब्द सापडत नाहीत. त्यानंतर बहुतेकदा डोकं ठणकतं, पण कधी कधी डोकं दुखतही नाही.

ऑरा काय नाही, हेही कळायला हवं. डोकं दुखताना उजेड सहन न होणं म्हणजे ऑरा नाही. मळमळ म्हणजे ऑरा नाही. पटकन उठल्यावर दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येणं म्हणजेही ऑरा नाही. हळूहळू पसरणं, काही मिनिटं टिकणं आणि पूर्ण निवळणं ही तिची खूण.

ऑरा असलेली अर्धशिशी असेल तर वय कितीही असो, इस्ट्रोजेनची गोळी वर्ग ४ मध्ये जाते. ऑरा नसलेली अर्धशिशी ३५ च्या आत वर्ग २ आणि ३५ नंतर वर्ग ३. गोळी सुरू केल्यावर अर्धशिशी सुरू झाली किंवा वाढली तर वर्ग आणखी कडक होतो.

एवढा फरक का, ते आकड्यांत दिसतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २० ते ४४ वयाच्या बायकांसाठी मांडलेला अंदाज असा: अर्धशिशीही नाही आणि गोळीही नाही अशा १ लाख जणींत वर्षाला २ ते ३ जणींना स्ट्रोक येतो. ऑरा आहे पण गोळी नाही, अशा १ लाखात सुमारे ६ जणींना. गोळी आहे पण अर्धशिशी नाही, तरीही सुमारे ६ जणींना. ऑरा आणि गोळी दोन्ही असतील तर हा आकडा ३७ च्या आसपास जातो. लाखात ३७ म्हणजे अजूनही थोड्याच. पण दुसरे उपाय हाताशी असताना तिशीतल्या बाईने हा धोका पत्करायचं कारण नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, वाशी तालुक्यातल्या एका गावात ३६ वर्षांची एक बाई आहे. दोन मुलं आहेत, ऑपरेशन सध्या नको आहे. ती आशाताईंकडे गोळी मागते.

वय ३६, म्हणजे पहिली खूण. बिडी-सिगारेट नाही, मिश्री दिवसातून तीनदा. उपकेंद्रात बीपी मोजलं, १३०/८४ भरलं. इथे अडचण नाही. बीपी १४०/९० च्या पुढे असतं तर गोळी वर्ग ३ मध्ये गेली असती आणि १६०/१०० च्या पुढे वर्ग ४ मध्ये. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेली नाही. धाकटं मूल चार वर्षांचं, म्हणजे नुकतं बाळंतपण नाही.

मग प्रश्न येतो, 'ताई, डोकं दुखतं का?' ती म्हणते, 'दुखतं की. अर्धशिशी हाय.' अनेकदा इथे नोंद होते 'डोकेदुखी' आणि पाकीट हातात दिलं जातं. पण नर्सताई पुढे विचारतात, 'दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही होतं का?' ती सांगते, 'आधी एका बाजूला चमचम दिसतं. मग भाकरी थापताना अर्धी भाकरीच दिसत नाही. घटकाभरानं नीट दिसतं, अन् मग डोकं ठणकतं.'

ही ऑरा आहे. माला-एन इथे बाद. मिश्री, वय, बीपी यातल्या कशाने नाही, तर या एका उत्तराने. हेच उत्तर २४ वर्षांच्या मुलीने दिलं असतं तरी निर्णय बदलला नसता.

मग तिला काय? कॉपर-टीमध्ये कोणतंच हार्मोन नाही, त्यामुळे अर्धशिशीच्या दृष्टीने ती वर्ग १ मध्ये आहे. सरकारी कार्यक्रमातली 'छाया' गोळी सेंटक्रोमनची असते, तिच्यात इस्ट्रोजेन नसतं. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घेतात. तिचे स्वतःचे नियम आहेत. पीसीओएस किंवा यकृताचा आजार असेल तर ती देत नाहीत. 'अंतरा' हे तीन महिन्यांचं इंजेक्शनही इस्ट्रोजेनशिवायचं आहे, पण ऑरा असलेल्या बाईने ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. निरोध हा पर्याय कुणालाही खुला आहे.

आणखी कोणाला नको?

आधी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झालेल्या बाईला ही गोळी पुन्हा कधीच नको. स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना नको. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा आठवडे अजिबात नको आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नको. मोठं ऑपरेशन होऊन बरेच दिवस पडून राहावं लागणार असेल तर ती आधीच बंद करतात. स्तनाचा कॅन्सर असेल तरीही नको, पण त्याचं कारण वेगळं आहे, गुठळी नव्हे.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला गुठळी झाली असेल तर गोळी वर्ग २ मध्ये राहते, पण डॉक्टरांना ते सांगावं. रक्त गोठण्याच्या जनुकीय दोषाची तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची गरज नाही.

नवरात्रात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

तुळजापूरची नवरात्र असो किंवा घरातलं लग्नकार्य, पाळी पुढे ढकलण्यासाठी गोळ्या घेतल्या जातात. त्या बहुतेकदा नॉरेथिस्टेरोन ५ मिलिग्रॅमच्या असतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा घेतात. पाकिटावर इस्ट्रोजेन हा शब्द नसतो. पण नॉरेथिस्टेरोनचा थोडासा भाग शरीरातच एथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर त्याचा परिणाम सुमारे २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीइतका होऊ शकतो, म्हणजे जवळपास माला-एनइतका. त्यामुळे गुठळी होऊन गेलेल्या किंवा ऑरा असलेल्या बाईने 'चारच दिवसांचा प्रश्न आहे' म्हणून या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. काही जणी यासाठी माला-एनची दोन पाकिटं मध्ये खंड न पाडता घेतात. तिथेही गोळी तीच, म्हणून नियमही तेच.

ऊसतोडीला गेल्यावर खंड पडला तर?

गुठळीचा धोका सगळ्यात जास्त असतो तो गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. वर्षभरानंतर तो उतरतो. पण चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडून गोळी पुन्हा सुरू केली, की सुरुवातीचा तो वाढलेला धोका परत येतो.

भूम, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी ही गोष्ट कामाची आहे. हंगाम सहा-सहा महिने चालतो, पाकीट संपतं, कारखान्यावर नवी गोळी मिळत नाही, आणि गावी परतल्यावर ती पुन्हा सुरू होते. दरवर्षी असं होत असेल तर गर्भ राहण्याची भीती वेगळी आणि गुठळीचा धोका पुन्हा पुन्हा वर जाणं वेगळं. अशा वेळी निघण्याआधी पूर्ण हंगामाची पाकिटं मागून घ्यावीत, नाहीतर कॉपर-टीसारखा लांब टिकणारा उपाय निवडावा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. दोन्ही पाय सुजले तर कारण वेगळं असू शकतं, पण एकच पाय सुजला तर गुठळीची शंका घ्यायलाच हवी. ऊस तोडून किंवा सोयाबीन काढून पाय भरून आला असं समजून तेल चोळत बसू नये. गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं आहे.

अचानक दम लागला, खोल श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यात रक्त येतं. ही फुप्फुसातल्या गुठळीची लक्षणं असू शकतात.

नेहमीपेक्षा वेगळी डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाते, आडवं झाल्यावर आणखी दुखतं, उलट्या होतात, फिट येते. ही मेंदूच्या शिरेतली गुठळी असू शकते. तोंड वाकडं होणं, एक हात गळून पडणं, बोलणं अडखळणं ही स्ट्रोकची लक्षणं आहेत. ऑरा हळूहळू पसरते, तर स्ट्रोक बहुतेकदा एकदम येतो. पण घरबसल्या हा फरक करत बसू नये.

यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका, १०८ वर फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. सुजलेल्या पायाची डॉपलर सोनोग्राफी होते, फुप्फुसाची आणि डोक्याची गुठळी स्कॅनवर दिसते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'मी गर्भनिरोधक गोळी घेते' किंवा 'पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती.' सासू किंवा दीर सोबत असल्यामुळे हे वाक्य अनेकदा सांगायचं राहून जातं. मग पायदुखीवर साधी दुखण्याची गोळी मिळते, डोकेदुखीवर अर्धशिशीची, आणि गुठळीचा विचार उशिरा होतो. बोलणं अवघड वाटत असेल तर पाकीटच सोबत न्यावं आणि डॉक्टरांच्या हातात द्यावं.